मौनाचे कारण

पूर्वी पत्राला उत्तर गेले नाही, तर टपालखात्याच्या माथी दोष मारून मोकळे होता येत असे. ती सोय आता उरली नाही. निरोप पोहोचला, इतकेच नव्हे तर वाचला गेला, हेही मोबाईलवरील निळ्या खुणा पाठविणाऱ्यास सांगतात. त्यामुळे आजचे मौन उघडे पडते. आणि उघड्या मौनाचा अर्थ मनुष्य बहुधा स्वतःच्या विरुद्धच लावतो.

गेल्या वर्षी आमच्या वहिनींच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. आठ महिने फोंड्याहून माहेरी खेपा घालून त्यांनी वडिलांची शुश्रूषा केली. वडील काठी टेकीत देवळापर्यंत जाऊ लागले, सर्वांना हायसे वाटले. आणि नेमक्या त्याच वेळी वहिनींचे बळ सरले. भार डोक्यावर असेतो पाय चालतात, तो उतरल्यावर ते किती थकले होते हे कळते. त्यांना पहाटे तीनला जाग येई. अंगणातली रांगोळी राहू लागली. फोन हाती घ्यावा नि तसाच खाली ठेवावा, असे चालले.

इंदूरला दिलेल्या त्यांच्या बालमैत्रिणीचे सहा आठवड्यांत सात निरोप आले. पहिल्यात वडिलांची विचारपूस होती. चौथ्यात होते, “माझं काही चुकलं का?” सातव्यात एकच शब्द होता, “बरं.”

अशा वेळी उत्तराचे ओझे कर्जाच्या व्याजासारखे वाढते. पहिल्या दिवशी दोन शब्द पुरले असते. दहा दिवसांनी कारण देणे आले. महिन्यानंतर तर क्षमापत्रच लिहिले पाहिजे असे वाटू लागते. थकलेल्या मनाला तेच तर झेपत नाही. म्हणून मौन आणखी लांबते.

“भावजी, फोन बिघडला होता असं लिहू का?” वहिनींनी मला विचारले. मी म्हटले, “मग त्या विचारतील, नवा घेतलात का? त्याचेही उत्तर द्यावे लागेल.” खोट्या कारणाला पुढे सांभाळावे लागते, आणि खिन्नता पुन्हा दाटली तर दुसरे कारण शोधावे लागते. मग त्यांनी दुसरा मजकूर केला. तो दोन पाने भरला. त्यात “मी वाईट मैत्रीण आहे” हे वाक्य चार वेळा आले होते. ते वाचून मैत्रिणीने आधी यांचेच सांत्वन करीत बसावे, अशी वेळ आली असती. तिच्या मनातला प्रश्न मात्र तसाच राहिला असता.

तिसऱ्या खेपेस आम्ही त्या प्रश्नापासूनच आरंभ केला. वहिनींनी लिहिले: “तुझं काही चुकलं नाही, माझा तुझ्यावर राग नाही. बाबा आता चालतात. मी मात्र फार थकले आहे. दीड महिना मन खिन्न आहे. तुझे सगळे निरोप वाचले, लिहायला बळ नव्हतं. डॉक्टरांकडे जाते आहे. फोनवर बोलणं अजून जमणार नाही, पण तू लिहीत जा.” यात कारण आहे, पण त्याचा पाल्हाळ नाही, आणि पुढे काय जमेल, काय जमणार नाही, हेही स्पष्ट आहे. उद्यापासून रोज लिहीन, असे वचन मुद्दाम घातले नाही. ते मोडले असते तर दुसरे मौन पहिल्याहून जड गेले असते.

डॉक्टरांचा उल्लेख केवळ पत्राच्या शोभेसाठी नव्हता. खिन्नता किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवडे बहुतेक रोज टिकले, आणि त्यासोबत झोप, भूक वा कामकाज बिघडले, तर नुसता आराम पुरेल असे मानू नये. वहिनींच्या डॉक्टरांनी प्रथम रक्त तपासले. कारण रक्त कमी असले किंवा थायरॉईड मंदावले तरी असाच थकवा येतो. दोन्ही ठीक निघाल्यावर मनावरचे उपचार सुरू झाले. ज्यांना दवाखान्याची पायरी चढवत नाही, त्यांच्यासाठी २०२२ साली सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. जगणेच नकोसे वाटू लागले, तर मात्र पत्राचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी जवळच्या माणसास सांगावे.

इंदूरहून तासाभरात उत्तर आले: “वाचलं. मला वाटलं होतं, मी तुला दुरावले. आता उत्तराची घाई नको.” मग दोघींनी एक खूण ठरविली. लिहिवत नसेल त्या दिवशी वहिनींनी जोडलेल्या हातांचे चित्र तेवढे धाडावे; त्याचा अर्थ, वाचले, पुढे लिहीन. आठवडाभर तेही आले नाही, तर मैत्रिणीने माझ्या थोरल्या बंधूंना फोन करावा. खूण आधी ठरलेली आहे, म्हणूनच ती पुरते. आजवर ते हात अनेकदा इंदूरला गेले. बंधूंचा फोन मात्र एकदाच वाजला.