जेवण झालं?

मुलांना आजी-आजोबांशी मराठीत बोलायला शिकवताना मी पहिलं वाक्य निवडलं ते ‘कशी आहेस?’. ही निवडच चुकली होती, आणि ते कळायला मला फार वेळ लागला. तोवर आमचा धाकटा मोबाइल समोर धरला की सोफ्यामागे जाऊन बसू लागला होता.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, सासू-सासरे साताऱ्याला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. दोघांनाही घरातलं मराठी समजतं. ‘दार लाव’, ‘हात धुऊन ये’ म्हटलं की ते लगेच करतात, पण उत्तर देतात इंग्रजीत. रविवारी सकाळी साडेनऊला आमचा व्हिडिओ कॉल असतो. मला वाटलं, निदान सुरुवातीची विचारपूस तरी मराठीत व्हावी. तेवढी दोन वाक्यं कोणतंही मूल पाठ करू शकेल.

पण आमच्या घरात आजीला अगं-तुगं आणि आजोबांना अहो-जाहो करायची पद्धत. म्हणजे आजीला ‘कशी आहेस’ आणि आजोबांना ‘कसे आहात’. दोन्ही शब्द बदलतात, तेही दोन वेगवेगळ्या कारणांनी: समोर बाई आहे की पुरुष, आणि मान द्यायचा की नाही. शिवाय तिकडून फोन कोण उचलणार हे आधी माहीत नसतं. धाकट्यानं आजीसाठी पाठ केलेलं वाक्य पडद्यावर आजोबा दिसताच म्हणून टाकलं, ‘आजोबा, कशी आहेस?’ सासरे प्रेमानंच हसले. मी मात्र मागून म्हणाले, ‘कसे आहात, असं म्हण.’ त्यानं ते म्हटलं, पण खाली मान घालून.

मागे उभं राहून वाक्यं पुरवायची ही सवय मला लागली होती. त्यातून आणखी एक घोटाळा व्हायचा. आवाज तिकडे पोचायला क्षणभर उशीर होतो. मी कुजबुजलेलं त्याच्याआधी साताऱ्याला ऐकू जायचं, सासूबाई त्यालाच उत्तर द्यायच्या आणि मुलाचं वाक्य त्यांच्या उत्तराखाली दबून जायचं. त्या विचारायच्या, ‘काय म्हणाला?’ तो मग दुसऱ्यांदा म्हणायचा नाही.

दुसरी चूक माझ्या तोंडूनच त्याच्या तोंडी गेली. घरात दिवसभर मराठी बोलणारी मीच. ‘मी जेवले’, ‘मी दमले’, ‘मी आले’ हेच त्याच्या कानावर पडायचं. एका रविवारी त्यानं कोणी न सांगता आजोबांना सांगितलं, ‘मी जेवले.’ स्वतःहून म्हटलेलं ते त्याचं पहिलं मराठी वाक्य होतं. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं, ‘जेवले नाही, जेवलो.’ मुलगीही हसली. त्यानंतर कितीतरी रविवार तो काही बोललाच नाही. त्याचं वाक्य चुकलं होतं हे खरं, पण त्यानं ते माझ्याकडून बरोबर ऐकलं होतं आणि जसंच्या तसं वापरलं होतं. ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि समजा पहिलं वाक्य नीट जमलं, तरी पुढे काय? ‘कशी आहेस?’ विचारल्यावर आजी मनापासून सांगणार: गुडघा दुखतोय, रात्री झोप नाही, बाकी बरं आहे रे बाळा, तुझी शाळा काय म्हणते. हे सगळं एका दमात. मूल माझ्याकडे बघायचं, मी भाषांतर करायचे, त्याचं इंग्रजी उत्तर मी मराठीत सांगायचे. थोड्या वेळानं संभाषण माझं आणि सासूबाईंचं होऊन जायचं आणि मुलं उठून जायची.

इथल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट सुचवली: आधी अशी वाक्यं द्या, जी कोणालाही विचारली तरी बदलत नाहीत. उदाहरण म्हणून त्यांनी ‘जेवण झालं?’ हे वाक्य दिलं. यात क्रियापद जेवणाशी जुळतं. माणसाशी त्याचा संबंध नाही. मुलानं विचारलं काय किंवा मुलीनं, आजीला काय किंवा आजोबांना, वाक्य तेच. उत्तर देतानाही ‘झालं’ एवढंच पुरतं, ‘जेवलो’ की ‘जेवले’ हा प्रश्नच येत नाही. तसंच ‘पाऊस पडतोय?’. तसंच ‘मला’नं सुरू होणारी वाक्यं: मला भूक लागली, मला हे आवडतं, मला उद्या शाळा आहे. बोलणारा मुलगा असो की मुलगी, ‘मला’ हे ‘मला’च राहतं.

आम्ही एवढंच घेतलं. ‘जेवण झालं?’ याला येणारी दोन उत्तरं मी आदल्या दिवशी धाकट्याबरोबर खेळून पाहिली: ‘झालं’ आणि ‘अजून नाही’. उत्तर कोणतंही आलं, तरी त्यानं पुढे विचारायचं, ‘आज काय आहे?’ मग तिकडून पदार्थाचं नाव येणार, आणि पदार्थांची नावं त्याला पाठ होती. आमच्या उन्हाळ्यात इथले साडेनऊ म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे सात, त्यामुळे उत्तर नेहमी ‘अजून नाही’ असंच यायचं. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेली, तिकडे आठ वाजू लागले आणि पहिल्यांदा ‘झालं’ असं उत्तर आलं. तो गडबडला नाही. ‘काय होतं?’ असं त्यानं स्वतःच जुळवलं. आजी म्हणाली, ‘पिठलं-भात.’ त्यावर तो म्हणाला, ‘मला आवडतं.’

सासू-सासऱ्यांनाही मी आधी स्वतंत्र फोन करून दोन विनंत्या केल्या. एक, प्रश्न विचारताना त्यात उत्तराचा शब्द घाला. ‘काय खाल्लंस?’ याला मुलाला शब्द शोधावा लागतो. ‘पोळी की भात?’ विचारलं तर शब्द त्याच्या हातात असतो. दुसरी, प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा, तो गप्प दिसला तरी लगेच दुसरा प्रश्न विचारू नका. थांबणं सासूबाईंना फार जड गेलं. नातू गप्प बसलाय आणि आपणही गप्प बसायचं, हे त्यांच्या जिवावर येई.

‘जेवलो’चा गुंता आजोबांनी सोडवला. ते आधी स्वतःचं सांगू लागले: ‘मी चहा प्यायलो, मी फिरून आलो, आता तुझं सांग.’ नातवाला लागणारं रूप त्यांच्याच वाक्यात तयार असायचं. आजी नातीसाठी तसंच करते, ‘मी दमले आज.’ तो चुकला तर कोणी दुरुस्त करत नाही. ‘हो का, फिरून आलास?’ एवढंच म्हणून पुढे जातात. मी कॉल लावून देते आणि स्वयंपाकघरात जाते.

यानं सगळं साधलं असं नाही. शाळेतली भांडणं, वाढदिवसाची धमाल, असलं काही सांगायचं झालं की तो अजून इंग्रजीतच सांगतो आणि आजीला त्यातलं निम्मं कळत नाही. मुलीला पदार्थांच्या गप्पांचा कंटाळा येऊ लागला आहे. तिच्या वयाला वेगळी वाक्यं लागतील. तिनं सध्या आजोबांना पत्ते खेळायला शिकवायचं ठरवलं आहे, म्हणून ‘आता तुमची पाळी’ आणि ‘हे पान टाका’ ही वाक्यं आम्ही घेतली आहेत. त्यात ‘तुमची’ आहे, ‘टाका’ आहे, म्हणजे मानाचा प्रश्न पुन्हा आला. पण आता ती एकट्या आजोबांशीच बोलते आहे, त्यामुळे तिला एकच रूप पुरतं.