वर्षाचे पैसे, मार्चचा ताळेबंद

माझ्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने या मार्चमध्ये एक प्रश्न विचारला. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. फाइल एसी दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या कंपनीची होती. एका ऑफिसने १ जानेवारी ते ३१ डिसेंबरच्या एएमसीचे १,२०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी एकरकमी भरला होता. मुलगी म्हणाली, "सर, करारात लिहिलंय की पैसे कुठल्याही कारणाने परत मिळणार नाहीत. जे परत द्यायचंच नाही, ते देणं कसं?"

आमच्या धंद्यातले बरेच जण यावर एक सोपी कसोटी वापरतात: आज करार मोडला तर किती परत द्यावं लागेल, तेवढं देणं. ही कसोटी मला कधीच पटली नाही. ती लावली, तर या ऑफिसचे सगळे पैसे पहिल्याच दिवशी उत्पन्न ठरतात, आणि एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत मेकॅनिक पाठवायचा खर्च पुढच्या वर्षी विनाकमाईचा उभा राहतो. खरं देणं पैशाचं नसून कामाचं असतं. ग्राहकाने हक्क विकत घेतलाय, आणि तो हक्क पुरा होईपर्यंत रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूलाच राहते. परतावा नाकारणारं कलम कितीही कडक असलं तरी मे महिन्यात फोन आल्यावर माणूस पाठवावाच लागतो. जीएसटीचे २१,६०० तर कमाईत कधी येतच नाहीत. ते सरकारचे आहेत आणि आगाऊ रकमेवरही ती मिळाल्या महिन्याच्या हिशोबातच भरायचे असतात. कर भरला म्हणजे उत्पन्न झालं, हा घोळ मी रोज पाहतो.

इथवर मुलीला पटलं. अडलं पुढे, आणि तिथे मीही बराच वेळ घुटमळतो. मार्चअखेर तीन महिने झाले, म्हणून ३०,००० उत्पन्न आणि ९०,००० देणं, अशी बारा समान भागांची एन्ट्री सगळेच टाकतात. एएस ९ त्याला आधार देतं: ठरलेल्या मुदतीत किती वेळा काम करावं लागेल हे माहीत नसेल, तर सरळ भागांनी उत्पन्न धरा, मात्र दुसरी पद्धत कामाचा क्रम अधिक नीट दाखवत असेल, तर ती वापरा. या दुसऱ्या अटीकडे हल्ली कोणी वळूनही बघत नाही. सॉफ्टवेअर बारा एन्ट्र्या आपोआप टाकतं आणि माणसं करार वाचणं सोडून देतात.

या करारात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मार्च, जुलै आणि नोव्हेंबर अशा तीन ठरलेल्या सर्व्हिसिंग, आणि वर्षभर बिघाड झाला की येण्याची तयारी. हीच कंपनी तेवढ्याच एसींची एक सर्व्हिसिंग सुटी २०,०००ला करते आणि नुसती बिघाडाची हमी वर्षाला ६०,०००ला विकते. मग हिशोब असा: तयारीचे महिन्याला ५,०००, आणि सर्व्हिसिंगचे २०,००० ती होईल तेव्हाच. मार्चअखेर ३५,००० उत्पन्न, ८५,००० देणं. मात्र मार्चची सर्व्हिसिंग एप्रिलवर गेली, तर उत्पन्न फक्त १५,०००. बारा भागांच्या एन्ट्रीत हा फरक दिसतच नाही.

मेमध्ये कॉल तिप्पट येतात, म्हणून तयारीचंही उत्पन्न मेमध्ये जास्त धरावं, असा मालकाचा आग्रह होता. तो मी मानला नाही. ग्राहकाला तयारी जानेवारीतही तेवढीच मिळते, फोन आला नाही तरी. मेचा जास्तीचा खर्च मेमध्येच पडू द्यावा. त्या महिन्याचा नफा बारीक दिसला, तर तो तसाच आहे.

माझा एक गर्व मला ठाऊक आहे. माझ्या फाइलमधलं देण्याचं खातं कोणीही उघडावं आणि प्रत्येक रकमेमागे कोणत्या ग्राहकाचं किती काम बाकी आहे ते मी सांगावं, याचा मला फार अभिमान वाटतो. त्यापायी मी बाकीच्या फर्मना मनातल्या मनात कमी लेखतो. हे चांगलं नाही, पण सुटत नाही.

पुढे एप्रिलमध्ये मुलीला मी लेजर बाजूला ठेवून जॉब कार्डं आणायला लावली. कार्डावर एसीचा नंबर, गॅसचं प्रेशर, मेकॅनिकचं नाव आणि खाली ग्राहकाची सही असते. अकरापैकी नऊ एसींच्या कार्डांवर २९ मार्चची सही होती, दोन कार्डांवर २ एप्रिलची. तिने न सांगता कॅल्क्युलेटर घेतला आणि २०,०००चे अकरा भाग करून नऊच मार्चमध्ये धरले: १६,३६४. तयारीचे १५,००० मिळवून ३१,३६४. एसी लहान-मोठे असते तर भाग समान करता आले नसते. इथे सगळे दीड टनाचे होते. ३५,०००पेक्षा हा कमीच होता, आणि बँकेकडे जाणारा ताळेबंद त्याच आकड्याने गेला.