पहिली कशात, कुठे आणि केव्हा?

आनंदीबाई जोशींच्या नावापुढे ‘भारतातील पहिली स्त्री डॉक्टर’ असं आपण शाळेपासून वाचत आलो. बंगालमध्ये हाच मान कादंबिनी गांगुलींना दिला जातो, आणि रखमाबाईंविषयी लिहिणारे त्यांना ‘प्रत्यक्ष व्यवसाय करणारी पहिली’ म्हणतात. तिघींपैकी एकीला खरं ठरवायला निघालं की वाद प्रांताभिमानात अडकतो. म्हणून आधी ते वाक्यच तपासायला घ्यावं. डॉक्टर म्हणजे पदवी मिळालेली, की परवाना मिळालेली, की रोगी तपासणारी? भारतातील म्हणजे भारतात शिकलेली, की भारतात जन्मलेली? हे ठरल्याशिवाय कुठला कागद शोधायचा हेच कळत नाही.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातलं एक छायाचित्र अलीकडे फार फिरतं. नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या साबात इस्लामबुली. खाली ओळ असते की, या तिघी आपापल्या देशातल्या पहिल्या परवानाधारक स्त्री डॉक्टर. छायाचित्राची तारीख आहे 10 ऑक्टोबर 1885. त्या दिवशी तिघीही विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंना पदवी 11 मार्च 1886 रोजी मिळाली, ओकामींना 1889 मध्ये आणि इस्लामबुलींना 1890 मध्ये. जपानमध्ये ओगिनो गिन्को यांनी 1885 मध्येच सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवला होता, त्यामुळे ओकामींबाबतचा दावा तिथेच कोसळतो. पाश्चात्त्य वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेणारी पहिली जपानी स्त्री एवढंच म्हणता येतं. आनंदीबाईंबाबत तर ‘परवाना’ हा शब्दच गैरलागू आहे. आपल्याकडे डॉक्टरांची सरकारी नोंदवही तेव्हा नव्हतीच. मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला 1912 मध्ये.

आता कादंबिनींकडे येऊ. त्यांनी कलकत्ता मेडिकल कॉलेजातून 1886 मध्ये प्रमाणपत्र मिळवलं असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं 20 फेब्रुवारी 1888 चं एक पत्र आहे. त्यात श्रीमती गांगुलींची पहिली परीक्षा झाली असून शेवटची येत्या मार्चमध्ये आहे, असं म्हटलंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं अवघड. पत्र त्याच काळातलं आहे, हे त्याचं बळ. ते ऐकीव माहितीवर लिहिलेलं आहे, ही त्याची मर्यादा. अशा वेळी दोन्ही बाजूंचे चरित्रकार कामाचे नाहीत. निकाल ज्या संस्थेने लावला तिचा त्या वर्षीचा छापील अहवाल पाहावा. तोवर एवढं मात्र ठरवता येतं: 11 मार्च 1886 च्या आधीचा निकाल सापडला तरच पदवीच्या तारखेचा प्रश्न नव्याने उघडेल. तसा तो सापडेपर्यंत पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री हा आनंदीबाईंचा दावा उभा राहतो. त्या 26 फेब्रुवारी 1887 रोजी वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक होऊनही त्यांना काम करता आलं नाही. रखमाबाई लंडनमध्ये शिकून 1894 मध्ये पात्र झाल्या आणि मग सुरतेत रुजू झाल्या. पण तोवर कादंबिनी कलकत्त्यात रोगी तपासत होत्या. म्हणून ‘व्यवसाय करणारी पहिली’ हा रखमाबाईंबाबतचा दावा टिकत नाही. मद्रासला मेरी शार्लीब 1878 मध्येच पात्र झाल्या होत्या. त्या इंग्रज, म्हणून ‘भारतीय’ हा शब्द गाळला की आनंदीबाईंचा दावाही पडतो.

यावर आक्षेप येतो की, ही कीस काढण्याची वृत्ती स्त्रियांच्या कर्तृत्वाला कमी लेखते. मला उलट वाटतं. ढोबळ दाव्याविरुद्ध एक नाव सापडलं की तो संपूर्ण खोटा पडतो आणि त्याबरोबर त्या स्त्रीच्या खऱ्या कामावरही शंका घेतली जाते. मर्यादा घालून केलेला दावा असा पडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुईणी आणि वैदू बायका शतकानुशतकं उपचार करत होत्या, मग पहिली कोण म्हणायचं? हे मान्य करावंच लागतं. म्हणूनच दाव्यात ‘पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी’ हे शब्द हवेत.

आपल्या भागात हेच काम प्रदेशाच्या शब्दापाशी अडतं. ‘नांदेड जिल्ह्यातली पहिली’ असं कुणाविषयी लिहिलं असेल, तर वर्ष बघावं. किनवट आणि इस्लापूरचा भाग 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याआधीच्या इस्लापूरच्या बाईचं नाव नांदेडच्या यादीत नसणारच. ते आदिलाबादच्या जुन्या कागदांत, बहुधा उर्दूत, शोधावं लागेल. दुसरीकडे, तेव्हा नांदेडात असलेले भैंसा-मुधोळ आज तेलंगणात आहेत, म्हणून तिथल्या बायकांची नावंही शोधात धरावी लागतील.