लिस्बनच्या दगडांसाठी बूट

आईचा उजवा घोटा पूर्वी एकदा मुरगळला होता, आणि असा घोटा पुन्हा मुरगळायला फारसं निमित्त लागत नाही. म्हणून लिस्बनची तिकिटं हातात आल्यावर मी आधी तिच्या बुटांकडे पाहिलं. तळवा जाड, उंच आणि मऊ फोमचा. सपाट रस्त्यावर सुखाचा, पण पाऊल जमिनीपासून जितकं उंच आणि तळवा जितका मऊ, तितकं कडेच्या दगडावर ते पटकन कलतं. ताण येतो तो घोट्याच्या बाहेरच्या बाजूला.

दुकानदाराने खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट पुढे केले. सह्याद्रीतल्या मातीच्या वाटेला ते उत्तम, कारण खाचा मातीत रुततात. लिस्बनचे पदपथ मात्र चुनखडीच्या लहान लहान दगडांचे, मधूनमधून काळ्या बेसॉल्टची नक्षी, आणि वर्दळीने घासून गुळगुळीत झालेले. तिथे खाच कशात रुतणार? दगडाला टेकतात ती फक्त उंचवट्यांची टोकं. अशा ठिकाणी हवं मऊ रबर, बऱ्यापैकी सपाट, बारीक चिरांचं, म्हणजे जास्त भाग दगडाला टेकतो आणि पाणी चिरांतून निघून जातं.

मी तळव्यात नख दाबून पाहत गेलो. नख जरासं रुतलं तर रबर मऊ. प्लॅस्टिकसारखं घसरलं तर तो जोड बाजूला. मग बूट ओल्या कपड्यासारखा पिळून पाहिला. तो बोटांपाशी वाकावा, मध्ये पिळला जाऊ नये. टाचेची मागची भिंत चिमटीत दबू नये.

"घोट्याच्या वर येणारे घेऊ का रे?" आईने विचारलं. उंच बुटाचा थोडा आधार मिळतो, पण पायऱ्या उतरताना तो तिला टोचत होता. शेवटी रुंद, बसक्या टाचेचा साधा जोड ठरला. पाय सुजलेले असतात म्हणून संध्याकाळी, जाड मोजे घालून मापाला गेलो आणि पुढे अंगठाभर जागा ठेवली. वरच्या जादा भोकांतून लेसचे फास करून ती ओढली की टाच मागे पक्की बसते, उतारावर बोटं पुढे आदळत नाहीत.

लिस्बनच्या आल्फामा भागातल्या बोळांतल्या पायऱ्या कुठे बुटक्या, कुठे उंच. आई कठड्याला धरून, जरा तिरकी, पूर्ण पाऊल टेकवून उतरायची. कोरड्या दगडावर बूट कुठेच घसरला नाही. पावसाची सर आली की मात्र चुनखडी चकाकू लागते, आणि ट्रामच्या ओल्या रुळावर तर कोणतंच रबर भरवशाचं नाही. अशाच एका दुपारी पोर्तास दो सोलच्या सज्जावरून आम्ही पायऱ्यांचा बेत सोडला आणि खाली बायशापर्यंत २८ नंबरच्या ट्रामने गेलो.