‘लागली’चं काय करायचं?

प्रिय मनू,

तुझा निरोप वाचून हसू आलं आणि थोडा रागही. हसू यासाठी, की आजीच्या पत्राचं आख्खं भाषांतर मागायचं सोडून तू एवढंच लिहिलंस, ‘मावशी, लागणे म्हणजे काय? वाक्यं दे.’ भाषांतर पाठवलं असतं तर तुला पत्र कळलं असतं, पण ‘लागली’ मात्र तिथेच इंग्रजीत विरून गेली असती. पुढच्या पत्रात पुन्हा आडवी आली असती, हो ना?

राग यासाठी, की शब्द एकटाच धाडलास! ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य कुठाय? मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तू ‘लागणे’ पाहिलंस म्हणतेस. तिथली अर्थांची रास बघून गांगरलीस, त्यात नवल काय! भूक लागते, निकाल लागतो, भात बुडाशी लागतो, वाटेत नदी लागते. वाक्यावाचून यातला कुठला उचलणार तू? शेवटी फोनवर तुझ्याकडून वाचून घेतलं : ‘शाळा सोडावी लागली.’

आता ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हण. ‘ती शाळेत जायला लागली.’ ‘तिला शाळेत जायला लागलं.’ पहिलीनं जाणं सुरू केलं. दुसरीला जाणं भाग पडलं. बदललं काय? ‘ती’ची ‘तिला’ झाली, आणि ‘लागली’चं ‘लागलं’. म्हणून आधी माणूस शोधायचा आणि त्याला ‘ला’ चिकटलाय का ते पाहायचं. फलाटावर गाडी लागली, तर चढायचं. मला गाडी लागली, तर लिंबू शोधायचं! (घाटात तुझं काय व्हायचं, आठवतंय ना?) भूक, ठेच, झोप, सगळं ‘मला’च लागतं.

पण आजीच्या वाक्यात माणूसच नाही, म्हणून तू अडलीस. ती ‘मला’ लिहायचीच नाही, स्वतःविषयी लिहिताना तर मुळीच नाही. मग ‘सोडावी’कडे बघ. ‘-आवी लागली’ म्हणजे सक्ती, तिथे ‘सुरू झालं’ बसतच नाही. ‘लागली’ ही आजी बाई म्हणून नव्हे हं, शाळा स्त्रीलिंगी म्हणून. गाव असतं तर ‘सोडावं लागलं’ झालं असतं.

शाळा कुणी सोडायला लावली, ते तिनं लिहिलेलं नाही. मलाही कधी सांगितलं नाही. तुझ्या आईला विचार.

पुढच्याच ओळीत ‘हळूहळू मन लागू लागलं’ आहे. एकापाठोपाठ दोन ‘लाग’, आणि दोन्ही वेगळे. ते मी सोडवून देणार नाही. दोघांची दोन-दोन वाक्यं करून पाठव, तुझ्या तिथल्या रोजच्या जगण्यातली. चुकली तरी चालतील, पण वाक्यं पूर्ण हवीत.

तुझी,
मावशी