करंट रेशो दोन आला, आणि धंदा अडकला

बारावीला पुस्तपालन शिकलेल्या प्रत्येकाला दोन आकडे पाठ असतात: करंट रेशो दोनास एक, लिक्विड रेशो एकास एक. उत्तरपत्रिकेत रेशो दोनच्या वर निघाला की मुले ‘स्थिती समाधानकारक’ लिहून मोकळी होतात. म्हणून वर्गात मी एका ठोक कापड व्यापाऱ्याचा ताळेबंद देतो. तो मी शिकवण्यासाठी बेतलेला आहे, पण असे ताळेबंद मार्चनंतर कोणत्याही सनदी लेखापालाच्या टेबलावर येतात. मुलांना रेशोंचा तक्ता करायला सांगतो तेव्हा सूत्रांच्या आधी प्रश्न लिहायला लावतो. प्रश्न चार आहेत आणि प्रत्येक रेशो त्यांपैकी एकाचे उत्तर देतो.

पहिला प्रश्न: जवळची देणी वेळेवर भागतील का?

करंट रेशो = चालू मालमत्ता ÷ चालू देणी. वर्षभरात मोकळा होणारा पैसा वर्षभरात द्यायच्या पैशाला पुरतो का, ते कळते.
लिक्विड रेशो = (चालू मालमत्ता − स्टॉक − आगाऊ खर्च) ÷ चालू देणी. माल विकलाच गेला नाही तर काय, ते कळते.

आपल्या व्यापाऱ्याकडे पहिल्या वर्षअखेरीस ३२ लाखांचा स्टॉक, २० लाखांची उधारी आणि ८ लाख रोख होती. चालू मालमत्ता ६० लाख. दुकानाला माल देणाऱ्यांचे २४ लाख आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचे १६ लाख मिळून चालू देणी ४० लाख. रेशो १.५. पुढच्या वर्षी स्टॉक ६४, उधारी ४०, रोख १, म्हणजे १०५ लाख. देणी ३२ अधिक २०.५, म्हणजे ५२.५ लाख. रेशो नेमका २. लिक्विड रेशोही ०.७ वरून ०.७८ वर गेला. वर्गातले बहुतेक हात ‘सुधारणा’ म्हणून वर होतात.

दोनास एक हा काही कायदा नाही. टंडन समितीने १९७५ मध्ये बँकांसाठी जी दुसरी पद्धत सुचवली, तीत चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून यावा असे होते. शंभराच्या मालमत्तेवर पंचाहत्तरची देणी, म्हणजे १.३३. बँकांच्या कर्जविभागात आजही हा आकडा ऐकू येतो. शिवाय रेशो एका दिवसाचा असतो. पहिल्या वर्षी याच व्यापाऱ्याने ३१ मार्चच्या आधी कॅश क्रेडिटमधून आणखी २० लाख उचलून देणेकऱ्यांना दिले असते, तर काही बदलले नसते. एका देण्याच्या जागी दुसरे आले असते. पण उधारी वसूल करून त्यातूनच २० लाख दिले असते, तर ४० ला २० असा रेशो दोनवर गेला असता.

दुसरा प्रश्न: पैसा किती वेगाने फिरतो?

स्टॉक उलाढाल = विकलेल्या मालाची किंमत ÷ स्टॉक. माल वर्षातून किती वेळा खपतो.
उधारी उलाढाल = उधारीची विक्री ÷ येणे. गिऱ्हाइकाकडून पैसा किती वेळा परत येतो.
देणी उलाढाल = उधारीची खरेदी ÷ देणेकरी. आपण किती सवडीने पैसे देतो.

तिन्हींनी ३६५ ला भागले की दिवस मिळतात, आणि व्यापाऱ्याशी बोलायचे तर दिवसांतच बोलावे. दोन्ही वर्षी विक्री २४० लाख, सगळी उधारीची, आणि विकलेल्या मालाची किंमत १९२ लाख होती. पहिल्या वर्षी स्टॉक ६१ दिवसांत खपत होता, उधारी ३० दिवसांत येत होती आणि देणी ४६ दिवसांनी जात होती. म्हणजे स्वतःचा किंवा बँकेचा पैसा ४५ दिवस अडकत होता. दुसऱ्या वर्षी स्टॉक १२२ दिवस, उधारी ६१ आणि वाढलेल्या खरेदीवर देणी ५२. पैसा अडकला १३१ दिवस. विक्री एका रुपयाने वाढली नाही, पण दुकानात पडून राहणारा माल दुप्पट झाला. करंट रेशो ज्या साठ्याने आणि उधारीने फुगला, तेच या धंद्याचे दुखणे होते.

इथे पाठ्यपुस्तकाप्रमाणे आरंभीच्या आणि अखेरच्या स्टॉकची सरासरी घेतली, तर ४८ लाख धरून ९१ दिवस येतात आणि बिघाड सौम्य वाटतो. म्हणून घसरण तपासताना मी अखेरचा आकडाही शेजारी मांडायला सांगतो.

तिसरा प्रश्न: पैसा कुणाचा आहे?

कर्ज-भांडवल रेशो = दीर्घ मुदतीचे कर्ज ÷ स्वतःचे भांडवल. धोका कुणाच्या माथी आहे.
व्याज व्याप्ती = व्याज व करापूर्वीचा नफा ÷ व्याज. नफ्यातून व्याज किती पट भागते.

करंट रेशो वाढवणारा पैसा आला कुठून, याचे उत्तर इथे आहे. दीर्घ मुदतीचे कर्ज १० लाखांचे ४० लाख झाले आणि भांडवल ४० वरून जेमतेम ४२.५ लाखांवर गेले. रेशो ०.२५ वरून ०.९४ झाला. घर तारण ठेवून घेतलेले हे कर्ज चालू देण्यांत दिसत नाही, त्यातला पुढच्या वर्षी फेडायचा हप्ता सोडून. म्हणून पहिल्या गटात सगळे बरे दिसले. व्याज मात्र २.८ लाखांचे ५.६ लाख झाले आणि व्याप्ती पाचपटीवरून अडीचपटीवर आली.

चौथा प्रश्न: एवढ्या खटाटोपात कमावले किती?

ढोबळ नफा रेशो = ढोबळ नफा ÷ विक्री × १००. खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर टिकले का.
गुंतवलेल्या भांडवलावरील परतावा = व्याज व करापूर्वीचा नफा ÷ (भांडवल + दीर्घ मुदतीचे कर्ज) × १००. गुंतलेल्या पैशाने किती मिळवले.

ढोबळ नफा दोन्ही वर्षी २० टक्के. व्याजापूर्वीचा नफा दोन्ही वर्षी १४ लाख. पण तो पूर्वी ५० लाखांवर मिळत होता, आता ८२.५ लाखांवर, परतावा २८ टक्क्यांवरून १७ वर आला.

कंपन्यांना हे आता लपवता येत नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २०२१ मध्ये झालेल्या बदलानंतर ताळेबंदाच्या टिपांत अकरा रेशो द्यावे लागतात, आणि एखादा २५ टक्क्यांहून अधिक हलला तर कारण लिहावे लागते. आपल्या दुकानदारावर ते बंधन नाही, म्हणून कारण आपण विचारायचे. मी मालाची वयानुसार यादी मागतो: कोणत्या साड्या सहा महिन्यांहून जुन्या आहेत? समजा, ६४ लाखांपैकी २० लाखांचा माल गेल्या लग्नसराईपासून पडून आहे आणि आता निम्म्या किमतीलाच जाईल. लेखांकनाच्या नियमाने स्टॉक खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम यांतल्या कमी आकड्याला धरायचा असतो. १० लाख उतरवले की ढोबळ नफा १५.८ टक्क्यांवर येतो, १४ लाखांचा नफा ४ लाख होतो, आणि ५.६ लाखांचे व्याज त्यातून भागत नाही. व्यापारी तोट्यात आहे. करंट रेशो अजूनही १.८१ आहे.