मामूंचा अरबी फोन आणि ‘नस्ख’चा गोंधळ

आमचे मामू पिंपळगाव राजाचे. आयुष्यभर उर्दू शाळेत मास्तरकी केली. निवृत्तीनंतर फजरची नमाज, तिलावत आणि मग ओट्यावर बसून पेपर, असा त्यांचा दिनक्रम. माझा मामेभाऊ रियाधला नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा स्वतःचा वापरलेला फोन मामूंना देऊन गेला. फोन रीसेट केला, मामूंचं जुनं गूगल खातं त्यात घातलं, फोटोंचा बॅकअप चालू केला. भाषा मात्र अरबीच राहू दिली. म्हणाला, “अब्बांना अरबी वाचता येतं की!”

मामूंना अरबी वाचता येतं, यात खोटं काही नाही. रोज वाचतात, अस्खलित वाचतात. पण वाचता येणं आणि फोन काय विचारतोय ते कळणं, यात केवढं अंतर आहे हे आम्हाला पुढे समजलं.

रजब महिन्यात मुमानी आजारी होत्या. खामगावच्या फेऱ्या सुरू होत्या. त्या दिवसांत मामू फोन चाळत असताना त्यांना सेटिंगमध्ये एक बटण चालू दिसलं. त्यावर लिहिलं होतं: النسخ الاحتياطي. मामूंनी वाचलं, ‘अन्नस्ख अल-इहतियाती’. आता उर्दूच्या मास्तराला ‘नस्ख’ म्हटलं की काय आठवणार? मन्सूख. रद्दबातल. नासिख-मन्सूखची चर्चा त्यांनी किती वेळा ऐकलेली. शिवाय उर्दू फोनमध्ये ‘कॅन्सल’ला منسوخ کریں असंच लिहिलेलं असतं. मामूंना वाटलं, हे बटण आपलं काहीतरी रद्द करत बसलंय. त्यांनी ते बंद केलं.

खरं म्हणजे अरबीत ‘नस्ख’ म्हणजे नक्कल करणं, प्रत काढणं. ‘नस्ख इहतियाती’ म्हणजे खबरदारी म्हणून काढलेली प्रत. आपण ज्याला बॅकअप म्हणतो तेच. म्हणजे जे बटण मामूंचे फोटो राखत होतं, तेच त्यांनी फोटो वाचवण्यासाठी बंद केलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बॅकअप बंद केल्याने आधी वर गेलेलं काही पुसलं जात नाही. जे खात्यात पोहोचलं ते तिथेच राहतं. फक्त त्या दिवसानंतर काढलेला प्रत्येक फोटो एकट्या फोनमध्ये राहतो, त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. आणि हे कोणी ओरडून सांगत नाही. फोन उघडला की सगळे फोटो एकाच ओळीत दिसतात, वर गेलेले आणि न गेलेले शेजारी-शेजारी.

शाबानमध्ये मुमानी गेल्या. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

ईद झाली. ईदच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन भरल्याची सूचना यायला लागली. मामूंनी गूगल फोटोज उघडलं, बोट दाबून धरलं आणि खाली ओढत ओढत जवळजवळ सगळे फोटो निवडले. त्यांचा हिशोब साधा होता. मुलगा सांगून गेला होता की फोटो वर जमा आहेत. मग फोनमधले काढले तर बिघडलं कुठे?

फोनने विचारलं. वाक्य लांब होतं. मामूंनी त्यातला एक शब्द ओळखला: المهملات, मुहमलात. उर्दूत मुहमल म्हणजे निरर्थक, बिनमतलबी. त्यांना वाटलं, फालतू फायली काढू का म्हणून विचारतोय. अरबीत मात्र फोनच्या कचरापेटीला हा शब्द वापरतात. म्हणजे प्रश्न होता: हे सगळं कचरापेटीत टाकू का? त्या लांब वाक्याचा उरलेला अर्थ असा होता की हे फोटो तुमच्या खात्यातून आणि त्याला जोडलेल्या सगळ्या उपकरणांतूनही जातील. तो मामूंच्या ध्यानात आलाच नाही.

त्यात हाताच्या सवयीची भर पडली. मामूंचा आधीचा फोन मराठीत होता. त्यात दोन बटणं आली की ‘रद्द करा’ डावीकडे आणि ‘होय’ उजवीकडे. अरबी आणि उर्दूत पडदा आरशातल्यासारखा उलटतो, होकाराचं बटण डावीकडे येतं. शंका आली की डावीकडचं दाबायचं, ही मामूंची सवय. सुरक्षित म्हणून दाबलेलं बटणच होकाराचं निघालं.

मी पिंपळगावला गेलो ते जिलकादच्या शेवटच्या आठवड्यात. मामू म्हणाले, “जरा बघतोस का, तुझ्या मुमानीचे फोटो दिसत नाहीत.” आवाज अगदी साधा होता. मुलाला त्यांनी सांगितलंच नव्हतं, परदेशात त्याच्या जिवाला घोर नको म्हणून.

मी सगळ्यात आधी दिवस मोजले. गूगल फोटोजचा नियम असा आहे: बॅकअप झालेला फोटो हटवला तर तो कचरापेटीत ६० दिवस राहतो. बॅकअप न झालेला फक्त ३० दिवस. त्यानंतर कायमचा जातो. शव्वालच्या चौथ्या दिवसापासून मोजले तर ५१-५२ दिवस झाले होते. आठवडाभर हातात होता. आपल्या घरांत लक्षात ठेवायला सोपं म्हणून सांगतो: ईदपासून बकरीदपर्यंत साधारण ६८-६९ दिवस असतात. ईदला हटवलेला फोटो बकरीदला आठवला, तर उशीर झालेला असतो.

कचरापेटी उघडली. फोटो होते. मुमानी अंगणात गहू निवडताना, मामेबहिणीच्या निकाहला, नातवाला मांडीवर घेऊन. सगळे निवडले आणि استعادة दाबलं, म्हणजे परत आणा. मामू शेजारी बसून एकेक बघत होते. मग थांबून म्हणाले, “दवाखान्यातून परत आल्यावरचे कुठे आहेत? ओट्यावर चहा पिताना काढलेला?”

ते रजबनंतरचे फोटो होते. बॅकअप बंद झाल्यावरचे. त्यांची मुदत ३० दिवसांची होती आणि ती जिलकादच्या सुरुवातीलाच संपली होती. मला ते मामूंना सांगावं लागलं. त्यांनी फक्त “अच्छा” म्हटलं आणि चष्मा पुसायला घेतला.

रियाधला फोन लावला. भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या दोन महिन्यांतले सात फोटो निघाले, मामूंनीच त्याला पाठवलेले. चहाचा त्यात होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेल्यामुळे आकाराने लहान झालेला, पण होता. बाकीचे गेले.

त्या दुपारी आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. तो सगळ्यांनी एकदा करून बघावा, कारण नुसतं सांगून हे डोक्यात बसत नाही. मामूंनी भिंतीचे दोन फोटो काढले. बॅकअप पुन्हा चालू केला. तो चालू करूनही फोटो वर जाईनात, कारण बॅकअप सहसा वायफायवरच चालतो आणि मामूंच्या घरी वायफाय नाही. बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाईल डेटा वापरण्याची वेगळी परवानगी द्यावी लागली. मग माझ्या फोनच्या ब्राउझरमध्ये photos.google.com उघडून मामूंचं खातं घातलं. दोन्ही भिंती तिथे दिसल्या. वर जमा आहे की नाही याचा पुरावा हाच: दुसऱ्या उपकरणावर दिसलं पाहिजे. त्याच फोनमध्ये दिसणं हा पुरावा नाही.

आता पहिली भिंत मामूंच्या फोनमधून कचरापेटीत टाकली. थोड्या वेळात ती माझ्या पडद्यावरूनही गेली. दुसरी भिंत उघडून तीन टिंबांच्या यादीतून ‘फक्त या उपकरणातून हटवा’ हा पर्याय निवडला. ती माझ्याकडे राहिली. मामू म्हणाले, “म्हणजे हे गोदाम नाही. हा आरसा आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं.” सिंकची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. फोनमध्ये जागा हवी असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे. तो फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतो, वरची ठेवतो. आणि जुने फोटो, जे या फोनमध्ये नव्हतेच, नुसते खात्यातून दिसत होते, ते हटवून मामूंना एक इंचही जागा मिळाली नव्हती. फोटो वर सरकवला की खाली तपशिलात तो उपकरणावर आहे की बॅकअपमध्ये, की दोन्हीकडे, हे लिहिलेलं असतं. हटवण्याआधी ते पाहावं.

मग भाषा बदलली. दातेरी चाकाच्या चिन्हातून सेटिंगमध्ये गेलो. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, त्यामुळे बाकी पडदा अरबीत असला तरी ‘मराठी’ सापडतं. मामू क्षणभर अडले. उर्दू घ्यावी की मराठी? म्हणाले, “उर्दू माझी आहे, पण उलट्या बटणांवर आता माझा भरवसा नाही.” मराठी घेतली.

तरीही न कळणारा प्रश्न कधीतरी समोर येणारच. त्यासाठी मामूंनी वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. प्रश्न कळला नाही तर डावं-उजवं काहीच दाबायचं नाही, आधी आवाज कमी करायचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्यायचा. मग बॅक करून बाहेर यायचं आणि तो मला पाठवायचा. बॅक केल्याने असा प्रश्न सहसा नकार समजून बंद होतो, काही पुसलं जात नाही.

निघताना मामू मला एसटी स्टँडवर सोडायला आले. वाटेत म्हणाले, “खत्त-ए-नस्ख मी मुलांना शिकवला. त्याला नस्ख का म्हणतात तेही सांगायचो, की कातिब लोक त्या लिपीत किताबांच्या नकला करायचे. किताबाच्या प्रतीला आपण नुस्खाच म्हणतो ना. शब्द मला माहीत होता रे. फक्त फोनवर पाहिला तेव्हा दुसराच अर्थ आठवला.”

गेल्या आठवड्यात त्यांचा एक स्क्रीनशॉट आला. खाली लिहिलं होतं, ‘हे काय विचारतंय?’ फोन अपडेट करू का, एवढंच विचारत होता. मी तसं कळवलं. चहा पितानाचा तो लहान झालेला फोटो आता त्यांच्या फोनच्या पडद्यावर लावलेला आहे, आणि माझ्याकडे, भावाकडे आणि मामेबहिणीकडे त्याचा एकेक नुस्खा आहे.